लस भारतात, सही जर्मनीची: QR मधला iss काय सांगतो

युरोपियन युनियनचं कोविड सर्टिफिकेट आठवतंय ना, 1 जुलै 2021 पासून चालू झालेलं? त्याचा QR साध्या स्कॅनरने वाचला तर HC1: ने सुरू होणारी अक्षरांची लांबलचक ओळ दिसते. ती काही कुलूपबंद नसते, फक्त दाबून बसवलेली असते. HC1: काढायचं, उरलेलं Base45 मधून उलगडायचं, मग zlib ने फुगवायचं की आतला मजकूर आणि त्यावरची डिजिटल सही हातात येते.

आता समजा एखाद्या मुलीने पुण्यात कोविशील्ड घेतली आणि नंतर जर्मनीत शिकायला गेल्यावर तिथे युरोपियन सर्टिफिकेट काढून घेतलं. तिच्या QR मधल्या आपल्या कामाच्या ओळी साधारण अशा दिसतील:

```
1: "DE"
"co": "IN"
"is": "Robert Koch-Institut"
```

इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. `co` म्हणजे लस कुठल्या देशात टोचली, म्हणून IN. `is` म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव. आणि सगळ्यात वरचा 1 नंबरचा रकाना म्हणजे `iss`, सर्टिफिकेट जारी करणारा, तिथे सहसा देशाचा दोन अक्षरी कोड असतो. म्हणजे `co` मध्ये IN दिसलं म्हणून हे भारताचं सर्टिफिकेट होत नाही, सही जर्मनीची आहे.

पण `iss` नुसता वाचून विश्वास ठेवायचा नाही हं, कारण तिथे DE कुणीही टाइप करू शकतं. खरी ओळख पटते ती QR मधल्याच `kid` वरून, म्हणजे सही करणाऱ्या किल्लीच्या ओळखखुणेवरून. सही करणाऱ्या किल्लीचं जे स्वतःचं सर्टिफिकेट असतं त्याच्या SHA-256 हॅशचे, म्हणजे त्यातून गणिताने काढलेल्या ठशाचे, पहिले 8 बाइट म्हणजे `kid`. तपासणारं अ‍ॅप देशांनी दिलेल्या किल्ल्यांच्या यादीत हा `kid` शोधतं, किल्ली जर्मनीचीच निघते का बघतं आणि तिने सही पडताळतं. खऱ्या QR मध्ये कुणी DE चं FR केलं तर सही लगेच जुळेनाशी होते, कारण `iss` सहीच्या आतच येतो, आणि घरी बनवलेल्या किल्लीने सही केली तर ती किल्ली यादीतच सापडत नाही.

एवढं सगळं जुळलं तरी एक भोक राहतंच. ऑक्टोबर 2021 मध्ये अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या नावाचे QR फिरत होते आणि पडताळणी अ‍ॅप त्यांना वैध म्हणत होती, कारण सही खऱ्या सरकारी किल्लीची होती, खोटी होती ती आतली नोंद. सही एवढंच सांगते की हा मजकूर अमुक देशाच्या किल्लीने सही केलेला आहे आणि नंतर बदललेला नाही. त्या माणसाला खरंच लस टोचली का, हे त्या देशाच्या नोंदणी खात्यातच तपासावं लागतं.