काउंटर नोटीस आणि निकाल

"कॉपीराइटच्या तक्रारीवरून काढलेला व्हिडिओ परत मिळावा म्हणून काउंटर नोटीस पाठवली की यूट्यूब दोन्ही बाजू तपासून निकाल देतं ना?"

नाही. कुणाचं खरं हे यूट्यूब ठरवत नाही. समजा, परवाना घेतलेल्या पार्श्वसंगीतावर कंटेंट आयडीचा, म्हणजे कॉपीराइट असलेलं संगीत-चित्रण आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. तुम्ही हरकत घेतलीत की ती दावेदाराकडेच जाते आणि त्याला 30 दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर दावा सुटतो. म्हणून परवान्याचा तपशील हरकतीतच द्या. त्याने ती फेटाळली तर अपील करता येतं, पण अपिलानंतर त्याने व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर कॉपीराइट उल्लंघनाचा ठपका, बसतो. काउंटर नोटीसची पाळी येते ती इथे. तीत खरं नाव-पत्ता लागतो आणि तो दावेदाराला कळतो. नोटीस वैध असली आणि त्याने कामकाजाच्या 10 दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. दिला, तर निर्णय कोर्टाचा.