पिव्होट टेबलमधील गटवार टक्केवारी

सर्वेक्षणात आलेली उत्तरे पाळी, वयोगट, विभाग अशा गटांनुसार मोजून प्रत्येक गटातील टक्केवारी मांडण्यासाठी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल वापरतात. ही सोय एक्सेलमध्ये 1993 च्या आवृत्तीपासून आहे. मोजणीचे काम ते क्षणात उरकते. चुका होतात त्या टक्केवारीत, आणि बहुतेक वेळा त्यामागे छेद चुकीचा निवडलेला असतो.

मूळ तक्त्यात एका ओळीत एका व्यक्तीची उत्तरे असावीत आणि एका स्तंभात एकच प्रश्न. एका कामाच्या ठिकाणच्या सर्वेक्षणाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. 250 जणांनी अर्ज भरून दिला, पहिल्या पाळीतील 150 आणि दुसऱ्या पाळीतील 100. ‘कामाच्या वेळेबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नाला पहिल्या पाळीतील 90 जणांनी ‘समाधानी’, 36 जणांनी ‘तटस्थ’ आणि 24 जणांनी ‘असमाधानी’ असे उत्तर दिले. दुसऱ्या पाळीत हेच आकडे 36, 27 आणि 27 आहेत. उरलेल्या दहा जणांनी प्रश्न रिकामा सोडला.

Insert मधून PivotTable घेऊन ‘पाळी’ हे नाव Rows मध्ये, ‘उत्तर’ Columns मध्ये आणि तेच ‘उत्तर’ पुन्हा Values मध्ये ओढले की मोजणी दिसते. मग एखाद्या आकड्यावर राइट-क्लिक करून Show Values As उघडावे. तिथल्या यादीत आपल्या कामाचे तीन पर्याय एकाखाली एक दिसतात आणि नवखा माणूस हमखास त्यांतला पहिलाच निवडतो. % of Grand Total घेतले तर पहिल्या पाळीतील समाधानी 37.5 टक्के दिसतात, कारण 90 ला सर्व 240 उत्तरांनी भागले जाते. % of Column Total घेतले तर 71.4 टक्के येतात. याचा अर्थ समाधानी असलेल्या 126 जणांपैकी एवढे पहिल्या पाळीचे, आणि यात पहिली पाळी मुळातच मोठी आहे ही गोष्ट मिसळलेली असते. दोन गटांची तुलना करायची तर गट ओळींत ठेवून % of Row Total घ्यावे. मग पहिल्या पाळीत 60 आणि दुसरीत 40 टक्के समाधानी असे सरळ उत्तर मिळते. गट आणि उत्तरे यांची जागा बदलली तर हाच हिशेब % of Column Total देते. म्हणून पर्यायाचे नाव पाठ करण्यापेक्षा 100 टक्के कुठे लिहून आले आहे ते पाहावे. ते प्रत्येक गटासमोर असेल तर छेद बरोबर आहे. एकूण ओळीत मात्र 60 आणि 40 ची सरासरी 50 न येता 52.5 येते, कारण तिथे मोठ्या गटाचे वजन जास्त असते.

रिकाम्या उत्तरांचा घोळ याहून फसवा असतो. वरच्या मांडणीत (blank) असा स्तंभ दिसतो खरा, पण त्याखाली काहीच मोजलेले नसते, कारण Count रिकामे कप्पे धरत नाही. Values मध्ये उत्तराऐवजी प्रत्येक अर्जाला दिलेला प्रतिसाद क्रमांक टाकला तर ते दहा जणही मोजले जातात आणि दुसऱ्या पाळीतील समाधानी 40 वरून 36 टक्क्यांवर येतात. स्तंभांच्या फिल्टरमध्ये (blank) वरची खूण काढली की पुन्हा 40. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त छेद 90 आहे की 100, हे तक्त्याखाली लिहायला हवे.

प्रतिसाद क्रमांक वापरताना आणखी एक खड्डा आहे. तो स्तंभ निव्वळ अंकांचा असेल तर एक्सेल मोजणी न करता बेरीज करते, आणि क्रमांकांच्या बेरजेच्या टक्केवारीचीही बेरीज मुकाट 100 येते! क्रमांक 1 ते 250 असतील तर मूळ आकड्यांत एकूण 250 ऐवजी 31375 दिसेल. त्यामुळे टक्केवारीकडे वळण्याआधी एकूण आकडा प्रतिसादांच्या संख्येशी ताडून पाहावा. ‘समाधानी’ दोनदा दिसत असेल तर एकाच्या शेवटी बहुधा रिकामी जागा चिकटलेली असते.

‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ अशा प्रश्नाला पिव्होट टेबल थेट पुरत नाही. ‘वेतन, प्रवास’ हे सगळे मिळून ते एकच उत्तर समजते. एक्सेलच्या पॉवर क्वेरी या साधनात स्तंभ स्वल्पविरामावर तोडून ओळींत पसरवता येतो, पण मग छेद माणसांचा न राहता निवडलेल्या पर्यायांचा होतो. थोडे पर्याय असतील तर सूत्रच बरे. पाळी B स्तंभात आणि उत्तरे D मध्ये असल्यास:

```
=COUNTIFS(B:B,"दुसरी",D:D,"*वेतन*")/COUNTIFS(B:B,"दुसरी",D:D,"<>")
```

एका माणसाने दोन-तीन पर्याय निवडलेले असल्याने अशा टक्क्यांची बेरीज 100 च्या वर जाते, ती चूक नव्हे. मात्र पर्यायांत ‘वेतन’ आणि ‘वेतनवाढ’ असे दोन्ही असतील, तर हे सूत्र दुसऱ्यालाही पहिल्यातच धरते.