रनिंग शूजच्या स्पेक शीटवरचे आकडे नक्की कुठून मोजलेत?

समजा दोन शूज शॉर्टलिस्ट केलेत आणि दोघांची स्पेक शीट बाजूबाजूला उघडलीये. पहिल्याला अ म्हणू, त्याचं वजन २४० ग्रॅम, स्टॅक हाइट २८/२० मिमी म्हणजे टाचेत २८ आणि पुढे २०, ड्रॉप ८ मिमी, वापर "टेम्पो आणि रेस". दुसरा ब, वजन २६४ ग्रॅम, स्टॅक ३७/३१, ड्रॉप ६, वापर "रोजचं ट्रेनिंग". पहिल्या नजरेत वाटतं की अ हलका, पातळ सोलचा, जमिनीला चिकटून पळणारा आणि ब म्हणजे जाडजूड गादी. ही दोन्ही मॉडेल्स मी उदाहरणापुरती बनवलीयेत, पण असे आकडे कॅटलॉगमध्ये हमखास सापडतात, आणि त्यावरून काढलेला हा निष्कर्ष बराचसा चुकीचा असू शकतो कारण दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून मोजलेलेच नसतात.

वजनापासून सुरू करू, ते सोपं आहे. शीटवरचं वजन एका शूचं असतं, जोडीचं नाही, आणि ते एका ठरावीक सॅम्पल साइझचं असतं. पुरुषांच्या मॉडेलला बऱ्याच ब्रँड्समध्ये हा साइझ यूएस ९ असतो, बायकांच्या मॉडेलला त्याहून लहान, म्हणून तेच मॉडेल बायकांच्या पानावर "जास्त हलकं" दिसतं, त्यात टेक्नॉलॉजी वगैरे काही नसते. साइझ बारीक अक्षरात खाली कुठेतरी लिहिलेला असतो, तो शोधायचा. आणि यूएस-यूकेचं गणित सगळ्या ब्रँड्समध्ये सारखं नसतं, त्यामुळे शक्य असेल तर साइझ चार्टवर सेंटिमीटरमधली लांबी बघून ताडून घ्या.

आता आपल्या अ च्या तळटीपेत निघालं यूके ७ आणि ब च्या यूके ८. एक पूर्ण यूके साइझ म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी लांबी वाढते. सव्वाशे-दीडशे मिमीच्या वस्तूत हा मोठा बदल झाला असता पण शू साधारण २८० मिमीचा असतो, म्हणजे लांबीत ३ टक्के फरक. रुंदीही थोडी वाढते, पण सोलची जाडी जवळपास तेवढीच राहते, म्हणून वजन ढोबळमानाने ५ टक्के वाढतं असं धरायला हरकत नाही. २४० चे ५ टक्के म्हणजे १२ ग्रॅम. तर अ यूके ८ मध्ये अंदाजे २५२ ग्रॅमचा झाला, आणि २४ ग्रॅमचा फरक निम्म्यावर आला.

या १२ ग्रॅमने काय होतं? कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक भारी प्रयोग छापला होता. रनर्सच्या शूजमध्ये त्यांना न सांगता शिशाच्या छोट्या गोळ्या लपवल्या आणि ३००० मीटर जोरात पळायला लावलं. दर शूला १०० ग्रॅम वाढवले की ऊर्जेचा खर्च साधारण १.१ टक्के वाढला आणि वेळ साधारण ०.८ टक्क्याने. हाच हिशोब चार तासांच्या मॅरेथॉनला लावला (३००० मीटरचा निकाल थेट ४२ किलोमीटरवर ताणणं जरा धाडसाचंच आहे, पण कल्पना यावी म्हणून) तर १२ ग्रॅमला तेरा-चौदा सेकंद येतात. न सुधारलेल्या २४ ग्रॅमला सत्तावीस सेकंद आले असते. दोन्हीपैकी कशासाठीच मी शू बदलणार नाही. पाणी प्यायला थांबलात तरी तेवढे जातात. शिवाय हलका असणं म्हणजे कमी ऊर्जा लागणं असं सरळ गणितही नाही, फोम किती ऊर्जा परत देतो याचाही मोठा वाटा असतो आणि तो आकडा बहुतेक शीट्सवर नसतोच.

खरा घोळ आहे तो स्टॅक हाइटमध्ये.

स्टॅक म्हणजे पाय आणि जमीन यांच्यामध्ये किती माल आहे. पण कुठला माल मोजायचा? खाली रबराचा आउटसोल, मध्ये फोमचा मिडसोल, वर काढता येणारा इनसोल. काही ब्रँड तिन्ही धरून आकडा देतात, काही फक्त मिडसोलची जाडी छापतात, आणि दोन्ही जण त्याला स्टॅक हाइटच म्हणतात. रोड शूचं रबर साधारण २ ते ४ मिमी, इनसोल ३ ते ५ मिमी, म्हणजे तोच शू एका पद्धतीने २८ आणि दुसरीने ३६ निघू शकतो. शिवाय टाचेत आणि पुढे नेमक्या कुठल्या बिंदूवर मोजायचं हाही प्रश्न आहेच. स्पर्धांसाठी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने हे बांधून टाकलंय, शूच्या आतल्या लांबीच्या मागून १२ टक्क्यांवर टाच आणि ७५ टक्क्यांवर पुढचा भाग, इनसोलसकट सगळं धरून, आणि रोड रेससाठी मर्यादा ४० मिमी. पण हा नियम स्पर्धेत कुठला शू चालेल यासाठी आहे, कॅटलॉगमध्ये काय छापायचं यासाठी नाही.

म्हणून शीटवर "टोटल", "इनसोलसह", "फक्त मिडसोल" असले शब्द शोधा. काहीच लिहिलेलं नसेल आणि शू हातात घेता येत असेल तर टाचेचा स्टॅक एका पट्टीवर आणि एका स्केलवर मोजता येतो. शू टेबलावर ठेवा, घोट्याच्या जागी कॉलरच्या डाव्या-उजव्या कडांवर पट्टी आडवी टेकवा, दाबू नका कारण कॉलर मऊ असते आणि खाली बसते. मग पट्टीपासून टेबलापर्यंतची उंची मोजा, आणि त्याच पट्टीपासून शूच्या आत टाचेच्या मधोमध इनसोलपर्यंतची खोली. पहिल्यातून दुसरी वजा केली की स्टॅक. ९५ उणे ५९ म्हणजे ३६. एखाद-दोन मिमी इकडे-तिकडे होईल, पण इनसोल आणि रबर धरलंय की नाही एवढं कळायला ते पुरेसं आहे. पुढच्या भागाला ही युक्ती नीट चालत नाही, तिथे स्केल सरळ आत जात नाही.

बाहेरून सोलची भिंत बघून मात्र अंदाज बांधू नका, हे बरेच जण करतात. हल्लीच्या शूजमध्ये फोमच्या कडा वर आलेल्या असतात आणि पाय त्यात खाली बसलेला असतो, त्यामुळे बाहेरून ४५ मिमी दिसणारा सोल आत पायाखाली ३५ च असू शकतो.

परत आपल्या जोडीकडे. अ च्या शीटवर सापडलं की २८/२० हा फक्त मिडसोल आहे. रबर दोन्हीकडे ३ मिमी. इनसोल बाहेर काढून मोजला तर टाचेत ५ आणि पुढे ४. बेरीज केली की टाच ३६ आणि पुढे २७. ब चा ३७/३१ आधीपासूनच सगळं धरून होता. म्हणजे टाचेतला ९ मिमीचा फरक चक्क १ मिमीवर आला, तो हाताच्या मोजमापात दिसणारही नाही. पुढच्या भागात मात्र ४ मिमीचा फरक उरतो आणि तो खराय. म्हणजे "पातळ विरुद्ध जाड" ही गोष्टच नव्हती, टाच दोघांची सारखी आणि ब मध्ये पंजाखाली जास्त फोम, एवढंच.

आणि यातूनच ड्रॉपही हलला. ड्रॉप म्हणजे टाचेच्या स्टॅकमधून पुढचा स्टॅक वजा, दुसरं काही नाही, म्हणून इनसोल टाचेत जाड असला तर तो ड्रॉपमध्ये भर घालतो. अ चा ड्रॉप छापलेला ८, प्रत्यक्षात ९. ब चा ६. फरक २ नाही, ३ मिमी. इथे एक खबरदारी, उत्पादनातच मिमी-दोन मिमी इकडे-तिकडे होतात, त्यामुळे ८ आणि ७ च्या ड्रॉपवरून वाद घालण्यात अर्थ नाही, ८ आणि ४ असेल तर बोलू.

शिवाय ड्रॉप मोजतात तेव्हा शूत कोणी उभं नसतं. टाचेवर उतरणाऱ्याच्या खाली मऊ फोम भरपूर दबतो, त्या क्षणी छापलेला ९ मिमी तिथे राहत नाही, आणि कडक फोमच्या शूमध्ये बराचसा राहतो. म्हणून सारख्या ड्रॉपचे दोन शूज पायात वेगळे वाटतात. साधारणपणे कमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि अ‍ॅकिलीसवर जास्त ताण येतो, जास्त ड्रॉपमध्ये तो गुडघ्याकडे सरकतो. मग दुखापतीसाठी कुठला चांगला? लक्झेंबर्गमध्ये ५५३ हौशी रनर्सना १०, ६ किंवा ० मिमी ड्रॉपचे शूज देऊन सहा महिने बघितलं, २०१६ मध्ये निकाल छापला. एकूणात दुखापतींमध्ये फरक नाही. पण कधीमधी पळणाऱ्यांना कमी ड्रॉपमध्ये धोका कमी निघाला आणि नियमित पळणाऱ्यांना जास्त. त्यामुळे "कमी ड्रॉप नॅचरल असतो" किंवा "जास्त ड्रॉप सेफ असतो" असं कोणी ठासून सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तुमच्या जुन्या शूचा ड्रॉप किती होता (त्याच पद्धतीने मोजलेला) आणि नवीन किती लांब चाललाय हे बघणं जास्त कामाचं, आणि बराच खाली जायचं असेल तर हळूहळू.

राहिला "वापर". वजन आणि स्टॅक निदान कोणीतरी मोजलेले असतात, "टेम्पो", "डेली ट्रेनर" हे कोणी मोजत नाही, ते मार्केटिंगवाले ठरवतात. पण त्या शब्दावरून शू कशासाठी कापलाय-छाटलाय याचा सुगावा लागतो, आणि तो सोलच्या फोटोवर तपासता येतो. अ उलटा केलेला फोटो बघितला तर रबर फक्त पुढे आणि टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यात, मध्ये उघडा फोम. ब ला जवळपास पूर्ण रबर. ते १२ ग्रॅम बहुधा इथेच गेलेत, आणि उघडा फोम खडबडीत रस्त्यावर रबरापेक्षा लवकर झिजतो. म्हणजे अ हलका आहे तो काही "चांगला बनवलाय" म्हणून नाही, टिकाऊपणा कमी करून हलका केलाय, जे रेसच्या शूमध्ये ठीकच आहे. रोज पळायला दोघांची तुलना करत असाल तर ते वजन अ च्या बाजूने मोजू नका.

सगळं एका पायावर आणल्यावर आपली शीट अशी झाली: अ २५२ ग्रॅम, ३६/२७, ड्रॉप ९, कमी रबर. ब २६४ ग्रॅम, ३७/३१, ड्रॉप ६, पूर्ण रबर. मी आठवड्यातून चार-पाच दिवस डांबरावर पळण्यासाठी ब घेईन, आणि पोटऱ्या आधीच कुरकुरत असतील आणि जुना शू १० ड्रॉपचा असेल तर अ चा विचार करेन. फोम किती कडक आहे आणि टाचेखाली सोल किती रुंद आहे हे दोन्ही शीट्सवर नाहीये, तेवढ्यासाठी शू पायात घालून एका पायावर उभं राहून बघायला लागेल, डगमगतो का ते.