प्रार्थनेतली चक्कर आणि कांदा

"नववीतली मुलगी प्रार्थनेला कोसळली, हातपाय झटकले. फिटच ना? कांदा हुंगवला तेव्हा शुद्धीवर आली."

फिट नसावी. ठाण्यातली ऑक्टोबरची दमट सकाळ, पोटात काही नाही, वीस मिनिटं ताठ उभं राहणं. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायांत साचतं, उकाड्याने त्वचेकडेही वळतं. मग रक्तदाब आणि नाडी एकदम उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं. आधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी येते. काही सेकंदांचे झटके यातही येतात. आडवं होताच रक्त मेंदूकडे परततं. श्रेय मात्र कांद्याला! उठवून बसवू नका, पाय उंच करा. धावताना शुद्ध हरपली, तर मात्र ईसीजी हवाच.