दहा रुग्ण, एक सरासरी आणि तिच्या दोन कडा

झोपेच्या दोन औषधांची दहा रुग्णांवर केलेली तुलना १९०५ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने दिली आणि कोणत्या औषधाने किती तास जास्त झोप लागली ते मोजले. दुसऱ्या औषधाची पहिल्यावरची आघाडी तासांत अशी होती: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. सरासरी १.५८ तास.

पण हे फक्त दहा जण. दुसरे दहा निवडले असते तर सरासरी वेगळी आली असती. मग अशा सगळ्या रुग्णांची खरी सरासरी आघाडी कुठे असेल? खालची आणि वरची कड देऊन या प्रश्नाचे जे उत्तर देतात, त्याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात हेच आकडे उदाहरणादाखल घेतले. त्यांना मद्यनिर्मितीच्या कामात नेहमी मोजक्याच नमुन्यांवर निर्णय घ्यावे लागत.

हिशेब हाताने होतो. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्याचा वर्ग करा आणि सगळे वर्ग मिळवा. बेरीज १३.६२ येते. तिला दहाने नाही, नऊने भागायचे, कारण सरासरी याच आकड्यांतून काढल्यामुळे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरले आहेत ते, १.२३ तास मिळते. दहाच्या वर्गमुळाने त्याला भागले की ०.३९. एवढी या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला की सरासरी साधारण किती हलेल ते.

आता तिला कशाने गुणायचे? अनेकांच्या तोंडात ९५ टक्क्यांसाठी १.९६ हा आकडा बसलेला असतो. तो बरोबर आहे, पण खरे प्रमाण विचलन आधीच माहीत असेल तर. इथे तेही आपण दहा आकड्यांवरूनच अंदाजाने काढले आहे आणि छोट्या नमुन्यात ते बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी येते. गॉसेट यांनी नेमका हाच दुसरा अंदाज हिशेबात धरला. त्यातून आलेल्या टी-वितरणाच्या तक्त्यात नऊ स्वातंत्र्यमात्रांसाठी, म्हणजे दहातून एक वजा करून, ९५ टक्क्यांचा आकडा २.२६ आहे. २.२६ गुणिले ०.३९ म्हणजे ०.८८. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढे अंतर सोडले की ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.७० ते २.४६ तास असा येतो.

यातले ९५ टक्के नेमके कशाचे, हे समजायला गॉसेट यांचीच एक पडताळणी पाहावी. त्यांनी ३००० गुन्हेगारांच्या शरीरमापांची कार्डे पिसून चार-चारांचे ७५० नमुने केले. सगळ्या ३००० जणांची मापे हाताशी असल्याने खरी सरासरी माहीतच होती. समजा, या प्रत्येक नमुन्यातून उंचीचा इंटर्व्हल काढला. चार जणांसाठी तक्त्यातला आकडा ३.१८ आहे, तो वापरला तर ७५० पैकी सुमारे ७१० इंटर्व्हल खऱ्या सरासरीला आपल्या कडांच्या आत धरतील. १.९६ वापरला तर जेमतेम ६४० धरतील, आणि तरीही आपण ९५ टक्केच म्हणत राहू. खरी सरासरी जागची हलत नाही, इंटर्व्हल मात्र नमुन्यागणिक सरकतो. ९५ टक्के हे रीतीचे यश आहे. हाती आलेल्या ०.७० ते २.४६ मध्ये खरी सरासरी एक तर आहे किंवा नाही, आणि त्या आकड्यांकडे कितीही पाहून ते कळत नाही.

त्याहून घातक गैरसमज असा की ९५ टक्के रुग्णांना एवढा फरक जाणवेल. इंटर्व्हल सरासरीचा आहे, माणसांचा नाही. हजार रुग्ण घेतले तर तो अगदी अरुंद होईल, पण एखाद्याला शून्य आणि एखाद्याला साडेचार तासांचा फरक पडायचा तो पडेलच.

रुग्ण वाढवायचे म्हणजे नवी माणसेच घ्यायची. त्याच दहा जणांच्या अनेक रात्री मोजून प्रत्येक रात्र स्वतंत्र धरली तर इंटर्व्हल आक्रसतो खरा, पण तो खोटा. एकाच माणसाच्या रात्री एकमेकींसारख्या असतात आणि इतर माणसांविषयी त्या नवे फारसे सांगत नाहीत.

टी-वितरणाची आणखी एक अट आहे: मूळ आकडे साधारण घंटाकृती पसरलेले हवेत. दहाच आकडे असताना ते सिद्ध करता येत नाही, म्हणून ते एका रेषेवर ठिपक्यांनी मांडून डोळ्यांनी पाहावेत. इथे ४.६ लगेच खुपतो. १३.६२ च्या बेरजेतले ९.१२ त्या एकट्या रुग्णाचे आहेत. त्याला वगळून पुन्हा हिशेब केला तर सरासरी १.२४ होते आणि इंटर्व्हल ०.७४ ते १.७५. वरची कड पाऊण तासाने खाली आली, खालची जवळपास तिथेच राहिली. त्यामुळे दुसरे औषध सरस आहे हा निष्कर्ष त्या एका रुग्णावर अवलंबून नाही, पण ते सरासरी दोन तासांनी सरस असू शकते की नाही, हे बहुतांशी त्याच्यावरच अवलंबून आहे. मापनात चूक सापडल्याशिवाय त्याला काढून टाकू नये; दोन्ही इंटर्व्हल शेजारीशेजारी छापावेत.