आरशातला चेहरा आणि घरातले चेहरे

फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये चेहरे ओळखण्याच्या क्षमतेवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेले काही प्रौढ कोरियात जन्मले होते आणि वयाच्या तिसऱ्या ते नवव्या वर्षांदरम्यान युरोपीय कुटुंबांत दत्तक गेले होते. प्रत्येकाला एखादा चेहरा क्षणभर दाखवायचा आणि मग दोन छायाचित्रे समोर ठेवून त्यांपैकी आधी पाहिलेला चेहरा कोणता हे विचारायचे, अशी साधी पद्धत होती. माणसाला आपल्या अवतीभवती नेहमी दिसणाऱ्या वंशाचे चेहरे अधिक अचूकपणे ओळखता येतात, तर इतर वंशांच्या चेहऱ्यांमध्ये त्याचा गोंधळ होतो, हे मानसशास्त्रात पूर्वीपासून ठाऊक होते. मोठेपणी फ्रान्समध्ये आलेल्या कोरियन लोकांना अपेक्षेप्रमाणे आशियाई चेहरे अधिक चांगले ओळखता आले. दत्तक गेलेल्यांचा निकाल मात्र जन्माने फ्रेंच असलेल्यांसारखा आला. त्यांना युरोपीय चेहरे नीट ओळखता येत होते आणि आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत ते अधिक चुकत होते.

चेहरे ओळखणारी आपली यंत्रणा जन्मतः ठरलेली नसते आणि बालपणी ती सभोवतालच्या चेहऱ्यांनुसार नव्याने घडू शकते, हा या प्रयोगाचा अर्थ. सहभागी थोडे होते आणि स्वतःविषयी त्यांना काय वाटते हे या प्रयोगात मोजलेले नव्हते, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तरीही मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. परक्या वंशाच्या घरात वाढणारे मूल ज्या नजरेने जग पाहायला शिकते ती नजर घराची असते, आणि त्याच नजरेने ते एक दिवस स्वतःच्या चेहऱ्याकडेही पाहते.

हा अनुभव मोठ्या संख्येने घेतलेला समूह कोरियातून दत्तक गेलेल्या मुलांचाच आहे. कोरियन युद्ध 1953 मध्ये थांबले आणि त्यानंतरच्या दशकांत दक्षिण कोरियातून सुमारे 2 लाख मुले परदेशी कुटुंबांत गेली. त्यांतील बहुतेक अमेरिकेत, तर बाकीची स्वीडन, डेन्मार्क, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांत गेली. त्यांचे पालक बहुतांशी गोरे होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तर अशी मुले इतकी वाढली, की तेथील विद्यापीठात त्यांच्यावर दीर्घकाळ संशोधन झाले.

लहान मुलाला त्वचेच्या रंगातील किंवा डोळ्यांच्या ठेवणीतील फरक तीन-चार वर्षांचे असतानाच दिसू लागतो; पण दत्तक या शब्दाचा पुरता अर्थ त्याला तेव्हा कळत नाही. आपण या घरात आणले गेलो याची दुसरी बाजू म्हणजे कोणीतरी आपल्याला सोडले होते, ही जाणीव साधारणपणे शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत होते. नेदरलँड्समध्ये परदेशातून दत्तक आलेल्या सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा आपण गोरे असायला हवे होतो किंवा याच आईच्या पोटी जन्मायला हवे होतो असे बोलून दाखवणारी मुले त्यांत आढळली, आणि अशा मुलांच्या वर्तनात पालकांना अडचणीही अधिक जाणवत होत्या. इच्छेमुळे अडचणी येतात की अडचणींमुळे ती इच्छा तीव्र होते, हे अशा अभ्यासातून ठरवता येत नाही.

अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात, गोऱ्या आईवडिलांच्या घरी वाढलेल्या 179 कोरियन प्रौढांपैकी 78 टक्के जणांनी सांगितले, की लहानपणी ते स्वतःला गोरे समजत किंवा गोरे व्हावे असे त्यांना वाटे. त्यांतील बहुसंख्यांनी मोठेपणी स्वतःची कोरियन-अमेरिकन ही ओळख स्वीकारली. या दोन टप्प्यांमध्ये नेमके काय घडते, हा माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

मिनेसोटातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी 2003 मध्ये या स्थितीतील अंतर्विरोध मांडला. घरात, नातलगांत आणि आडनावामुळे हे मूल गोऱ्या समाजाचा भाग मानले जाते. घराबाहेर एकटे उभे राहिले की लोक त्याला केवळ चेहऱ्यावरून जोखतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आठ वर्षांची मुलगी शाळेतून घरी येते आणि सांगते, की वर्गातल्या मुलाने बोटांनी डोळे ताणून तिची नक्कल केली. आई तिला जवळ घेते आणि मनापासून म्हणते, "अगं, तो मूर्ख आहे. आम्हाला तुझा रंग दिसतच नाही, तू आमची लाडकी लेक आहेस." या बोलण्यात प्रेम खरे आहे, परंतु मुलीच्या हाती दोनच गोष्टी उरतात. ज्या चेहऱ्यामुळे तिला चिडवले गेले तो चेहरा घरात कोणाला दिसतच नाही, आणि याविषयी पुन्हा बोललो तर आई दुखावेल. पुढच्या वेळी ती गप्प राहते. पालकांना मात्र सारे सुरळीत चालले आहे असे वाटते, कारण तक्रार येणे थांबलेले असते. म्हणून अशा घरात मूल वंशाविषयी कधीच काही बोलत नसेल, तर ते शांततेचे लक्षण मानू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याच आईने नेमके काय घडले हे विचारले असते, ती नक्कल कोरियन चेहऱ्याचा अपमान करण्यासाठी होती हे स्पष्ट शब्दांत सांगितले असते, उत्तर काय देता येईल याचा मुलीबरोबर सराव केला असता आणि शिक्षकांशी स्वतः बोलली असती, तर प्रसंग पुसला गेला नसता. पण त्याचे ओझे मुलीवर एकटीवर पडले नसते. संशोधक या तयारीला मुलाची संस्कृतीशी ओळख करून देण्यापासून वेगळे मानतात. कोरियन जेवण, सणाचे कपडे, उन्हाळी संस्कृती शिबिर यांत पालक उत्साहाने भाग घेतात, कारण ते आनंदाचे असते. वंशभेदाविषयी बोलणे अवघड जाते, विशेषतः ज्यांना स्वतःला तो कधी सोसावा लागलेला नाही त्यांना. ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले, की वंशाचा फरक महत्त्वाचा नाही असे मानणारे पालक या दोन्ही गोष्टी कमी करतात.

या मुलांचे आयुष्य दुःखीच असते, असा समज मात्र चुकीचा ठरेल. डच संशोधकांनी 2007 मध्ये 88 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा दत्तक आणि इतर मुलांच्या आत्मसन्मानात सरासरीने फरक दिसला नाही, आणि वेगळ्या वंशाच्या घरात गेलेल्यांच्या बाबतीतही तेच खरे ठरले. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये परदेशातून दत्तक आलेल्या 11 हजारांहून अधिक जणांच्या 2002 मधील अभ्यासात आत्महत्येचा धोका इतर स्वीडिश तरुणांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळला. ही दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण बहुसंख्य मुले ठीक असताना एका छोट्या गटाचे हाल सरासरीत दिसत नाहीत. शिवाय दत्तक जाण्यापूर्वीची उपासमार, संस्थेतील वास्तव्य आणि जन्मदात्यांपासूनची ताटातूट यांचा परिणाम वंशभेदाच्या अनुभवापासून सुटा करणे कठीण असते.

आपल्या भूतकाळाचा शोध घेणाऱ्यांपुढे आणखी एक अडथळा येतो. दक्षिण कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगाने मार्च 2025 मध्ये मान्य केले, की आईवडील हयात असलेल्या अनेक मुलांची नोंद अनाथ म्हणून करण्यात आली होती आणि कागदपत्रांत खोटी माहिती भरली गेली होती. ज्या कागदांच्या आधाराने माणूस आपली कहाणी जोडू पाहतो तेच बनावट निघाले, की ओळखीचा प्रश्न मनापुरता न राहता न्यायाचाही होतो.

2009 च्या सर्वेक्षणात प्रौढांना आपली ओळख घडवण्यास कशाची मदत झाली हेही विचारले होते. अनेकांनी जन्मदेशाचा प्रवास, विविध वंशांची मुले असलेली शाळा आणि आपल्यासारखे दिसणारे मोठे लोक, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, शेजारी, यांचा उल्लेख केला. शिबिर वर्षातून आठवडाभराचे असते. शाळा आणि शेजार रोजचे असतात. म्हणून दत्तक घेण्यापूर्वी कोणत्या वस्तीत राहायचे आणि मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, याचा विचार पालकांनी मूल घरी येण्याआधीच करणे हिताचे ठरते.