परसातील कोंबड्यांमधील राणीखेत रोग

राणीखेत रोग, म्हणजेच मानमोडी किंवा न्यूकॅसल रोग, हा कोंबड्यांना होणारा अत्यंत संसर्गजन्य विषाणुजन्य रोग आहे. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे त्याच्या पहिल्या साथींची नोंद झाली. परसातील मोकाट पक्ष्यांत उग्र विषाणू शिरला की काही दिवसांत बहुतेक खुराडे रिकामे होऊ शकते. पक्षी पिसे फुलवून एका जागी बसतात, हिरवट पातळ विष्ठा टाकतात आणि धापा टाकतात. जे चार-सहा दिवस तग धरतात त्यांची मान पिळवटते किंवा पाय-पंख लुळे पडतात. उपचार उपलब्ध नाही. प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

विषाणूचे सौम्य आणि उग्र प्रकार यांत मुख्य फरक त्याच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा आहे. हे प्रथिन यजमानाच्या विकराने चिरले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूचे प्रथिन चिरणारे विकर मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून त्याचा संसर्ग तेवढ्यापुरता राहतो. उग्र विषाणूचे प्रथिन मात्र शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीत चिरले जाते, आणि त्यामुळे प्लीहा, आतड्यातील लसिका ऊती, अंडाशय, मेंदू अशा दूरदूरच्या अवयवांत एकाच वेळी हानी होते. शवविच्छेदनात दिसणाऱ्या खुणांचे वाटप याच गोष्टीवरून समजते.

शवविच्छेदनासाठी नुकताच मेलेला पक्षी निवडावा, कारण सडू लागलेल्या शवातील हिरवट-काळे डाग रक्तस्रावासारखे भासतात. सर्वांत बोलकी खूण ग्रंथिल जठरात, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पेषणीच्या अलीकडच्या जाड भिंतीच्या भागात, सापडते. तो भाग लांबीत चिरून त्यावरचा चिकट थर हलकेच पुसला की आतल्या अस्तरावर ग्रंथींचे बारीक उंचवटे दिसतात. उग्र रोगात यांतील अनेक उंचवट्यांच्या टोकांवर लाल ठिपके असतात, तर कधी अन्ननलिकेकडच्या किंवा पेषणीकडच्या सीमेवर रक्तस्रावाचा पट्टा उमटतो. त्यानंतर आतडे पाहावे. ते न चिरताही बाहेरून काही ठिकाणी गडद लालसर, लांबट डाग दिसतात. तेथे चिरल्यास आत मृत ऊतींची खपली धरलेला, बटणासारखा उंच व्रण सापडतो. हे व्रण कुठेही विखुरलेले नसतात, तर आतड्याच्या भिंतीत जेथे लसिका ऊतींचे पुंजके असतात नेमके तेथेच येतात. अंधांत्रांच्या मुखाजवळील गाठीही सुजलेल्या आणि रक्ताळलेल्या असतात. प्लीहेवर पांढुरके ठिपके, श्वासनलिकेत लाली आणि चिकट स्राव, तसेच अंड्यावर असलेल्या कोंबडीत ढिले पडलेले, रक्ताळलेले किंवा फुटून पोटात बलक सांडलेले अंडबीजपुटक ही चित्राची उरलेली अंगे होत.

तथापि यांपैकी एकही खूण केवळ याच रोगाची नाही. जठर आणि पेषणी यांच्या सीमेवरील रक्तस्राव गंबोरो रोगातही असतो. त्यात मांड्यांच्या स्नायूंवर रक्ताचे चट्टे आणि गुदद्वाराजवळील बर्सा नावाची ग्रंथी सुजलेली दिसते. यकृतावर असंख्य पांढरे ठिपके आणि हृदयाच्या चरबीवर रक्तबिंदू असल्यास कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा विचार करावा. उग्र बर्ड फ्लू मात्र डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. म्हणून अचानक मोठी मरतूक झाली असल्यास परसात शव फाडू नये, पशुवैद्यकाला कळवावे. श्वासनलिकेचे व गुदद्वाराचे स्वॅब आणि मेंदू यांची प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर तपासणी झाल्यावरच निदान पक्के होते. उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते: साथीच्या पहिल्या तडाख्यात चटकन मेलेल्या पक्ष्यांत, तसेच मुख्यतः मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या प्रकारात, आतडे स्वच्छ असू शकते. एकाच शवात काही आढळले नाही म्हणून राणीखेत नाही असे ठरवणे ही नेहमीची चूक आहे. शक्य तितके अधिक आणि वेगवेगळ्या दिवशी मेलेले पक्षी तपासावेत.

प्रतिबंधाचे एकच भरवशाचे साधन म्हणजे लस. लासोटा, एफ किंवा बी-१ या सौम्य जिवंत विषाणूंच्या लसी सर्वत्र वापरल्या जातात. परसातील पक्ष्यांसाठी मात्र उष्णतेला अधिक टिकणाऱ्या आय-२ सारख्या लसी विशेष सोयीच्या ठरल्या, कारण दूरच्या वस्तीपर्यंत अखंड शीतसाखळी राखणे अवघड असते. त्या काही काळ बर्फाविना टिकतात, पण उन्हात ठेवल्यास त्यांचाही नाश होतो. प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात एक थेंब, पिल्लालाही पूर्ण थेंब, ही पद्धत सर्वांत खात्रीची. थेंब डोळ्यात पसरून पक्षी पापणी मिटेपर्यंत त्याला धरून ठेवावे लागते, नाहीतर मान झटकताच लस बाहेर उडते. पिण्याच्या पाण्यातून लस देणे सोपे वाटते, परंतु मोकाट पक्षी डबक्यातून पाणी पितात, शिवाय क्लोरीनयुक्त पाण्यात लसीतील विषाणू मरतो. आर-२-बी सारखी मध्यम तीव्रतेची लस टोचून दिली जाते व तिची प्रतिकारशक्ती अधिक काळ टिकते; मात्र सौम्य लस आधी न मिळालेल्या कोवळ्या पक्ष्यांना ती दिल्यास तीच त्यांना आजारी पाडू शकते.

साथ रोखण्यासाठी लस एकदा देऊन भागत नाही, याचे कारण कळपाच्या घडणीत आहे. कळपातील ८५ टक्क्यांहून अधिक पक्ष्यांत पुरेशी प्रतिद्रव्ये असली तरच विषाणूचा फैलाव थांबतो, असे प्रयोगांवर आधारित गणित सांगते. एका वस्तीत २०० पक्षी आहेत आणि मोहिमेत १८० हाती लागले असे समजू. त्यांतील दहापैकी नऊंत प्रतिकारशक्ती आली तर १६२ पक्षी संरक्षित, म्हणजे ८१ टक्के. पहिल्याच दिवसापासून थोडी कमतरता आहे. पुढच्या चार महिन्यांत ६० पक्षी विकले किंवा खाल्ले गेले आणि ७० पिल्ले नव्याने आली, तर २१० पैकी साधारण ११३ संरक्षित उरतात, म्हणजे जेमतेम ५४ टक्के, आणि त्यांतील कित्येकांची प्रतिद्रव्येही एव्हाना ओसरलेली असतात. म्हणूनच आय-२ लसीची मोहीम साधारणतः दर तीन-चार महिन्यांनी, वस्तीतील सर्व घरांत एकाच वेळी, आणि नेहमीच्या साथीच्या हंगामाआधी किमान महिनाभर घ्यावी. रात्री पक्षी खुराड्यात असताना किंवा भल्या पहाटे ती घेतली तर सुटणारे पक्षी कमी राहतात.

साथ सुरू झाल्यावर लस देण्याचा आग्रह होतो, पण संरक्षण उभे राहायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तोवर आधीच लागण झालेले पक्षी मरतात. मग दोष लसीवर येतो आणि पुढच्या मोहिमेला लोक कोंबड्या पुढे करत नाहीत. शिवाय घरोघर फिरणारे लसटोचकच हात, कपडे आणि पायताणांवरून विषाणू पसरवू शकतात. लसीची आणखी एक मर्यादा अशी की ती पक्ष्याला आजारापासून वाचवते, पण संसर्ग आणि विषाणूचे उत्सर्जन पूर्णपणे थांबवत नाही. बाजारातून आणलेली धडधाकट, लसवंत कोंबडी विष्ठेतून उग्र विषाणू टाकत असू शकते, त्यामुळे नवा पक्षी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवून मगच कळपात सोडावा.